अर्धं पान कोरं असलेली कादंबरी कशी वाचायची

कवितेच्या ओळींत लिहिलेली, किंवा दोन-चार वाक्यांच्या तुकड्यांत मांडलेली कादंबरी पहिल्यांदाच हातात घेतलेल्या माणसाचं बहुतेक एकच होतं. दोनशे पानांचं पुस्तक तासाभरात संपतं, आणि मिटताना तो म्हणतो, यात काही नव्हतंच. नागपुरात धरमपेठेत आमचा एक छोटा वाचनगट भरतो. तिथे असं एक पुस्तक फिरलं तेव्हा एका काकांनी ते उघडल्या उघडल्या विचारलं, "हे काय आहे बाप्पा, कोऱ्या कागदाचेही पैसे घेतले का यांनी?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर असं की हो, घेतले. आणि तो कोरा कागद वाचता आला नाही तर पैसे वाया गेले.

म्हणून हा लेख. यात अशा कादंबऱ्यांची यादी नाही. पहिलं पुस्तक हातात आलं की काय करायचं, कुठे थांबायचं, कुठे परत जायचं, आणि फसलो आहोत हे कसं ओळखायचं, एवढंच आहे.

आधी हिशेब

साध्या गद्य कादंबरीच्या छापील पानावर ढोबळमानाने अडीचशे ते तीनशे शब्द मावतात. मुक्तछंदातल्या कादंबरीच्या पानावर सत्तर-ऐंशीच असतात. म्हणजे दोनशे पानांच्या अशा पुस्तकात पंधरा हजारांच्या आसपास शब्द झाले. गद्यात छापलं असतं तर पन्नास-साठ पानांची दीर्घकथा झाली असती. मनातल्या मनात गद्य वाचायच्या सवयीच्या वेगाने ती तासात उरकते. तीच मोठ्याने, सावकाश वाचली तर पावणेदोन-दोन तास लागतात. हे पुस्तक दुसऱ्या वेगासाठी लिहिलेलं असतं. तासाभरात संपवणाऱ्याने ते पहिल्या वेगाने वाचलेलं असतं.

असं का होतं, तर डोळ्यांमुळे. वाचताना नजर ओळीवरून सलग सरकत नाही. ती उड्या मारते. प्रत्येक उडीनंतर साधारण पाव सेकंद टेकते आणि पुढे जाते. ओळ संपली की डावीकडे परत येऊन नवी ओळ पकडते. ओळ लांब असली की या परतीत जरा श्रम असतात, कधी चुकून भलतीच ओळ पकडली जाते. ओळ तीन शब्दांची असली की परतीचा प्रवास जवळजवळ उरतच नाही. नजर पानावरून सरळ खाली घसरत जाते. फोनवर अंगठ्याने सरकवत वाचायची सवय असलेल्यांची तर फारच. त्यात पानं भराभर उलटतात, आणि उलटणारं पान हा वाचकाला आपण पळतोय असं पटवणारा सगळ्यात मोठा पुरावा असतो.

लेखकाची मात्र नेमकी उलट अपेक्षा असते. पान लवकर संपावं पण वाक्य सावकाश संपावं, यासाठी त्याने ओळ तोडलेली असते. या ओढाताणीतूनच अशा पुस्तकाची भावना तयार होते. ती हाताला लागायची तर वेगाचं माप पानावरून काढून वाक्यावर आणायला लागतं.

पहिली पायरी: पुस्तक कुठल्या जातीचं आहे ते बघा

सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी पुस्तक उघडा आणि पानाची उजवी कड बघा. ओळ कुठे संपावी हे कोणी ठरवलंय? कड सरळ असेल तर छापणाऱ्याने ठरवलंय, म्हणजे ते गद्य आहे. मग परिच्छेदांमधल्या मोकळ्या जागा बघायच्या. त्या जागोजाग असतील तर ती तुकड्यांची कादंबरी. कड वेडीवाकडी असेल तर ओळ लेखकाने तोडलीय, म्हणजे ती पद्य कादंबरी.

पद्य असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. एखादं पान मोठ्याने वाचा. ठेका लागतो का, यमक येतं का? कारण बांधलेला छंद आणि मुक्तछंद यांचे वेग अगदी वेगळे. बांधलेला छंद वाचकाला पुढे ओढतो. ओवीचंच घ्या. तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड. तो आखूड चरण संपताच जीभ पुढच्या ओवीकडे आपोआप वळते. म्हणून पारायणाला बसलेली माणसं न अडखळता पुढे जातात. पुश्किनची 'येवगेनी ओनेगिन' ही रशियन पद्य कादंबरी १८३३ मध्ये एकत्र छापली गेली, त्याआधी काही वर्षं ती प्रकरणाप्रकरणाने येत होती. तिचं जवळपास प्रत्येक कडवं चौदा ओळींचं आहे. यमकांची रचना ठरलेली आणि शेवटच्या दोन ओळींचं यमक जोडीने येणारं. प्रत्येक कडवं असं खटकन मिटतं आणि कथा पुढच्यात शिरते. अशा पुस्तकात वाचक धावतो, आणि त्याने धावावं हे लेखकाला मान्य असतं. तिचा गद्य अनुवाद वाचलात तर गोष्ट कळेल, पण तिची चाल गेलेली असेल.

मुक्तछंदात ओढणारा ठेका नाही. तिथे ओळीचा शेवट हा छोटा ब्रेक असतो. सध्या जी पद्य कादंबरी तुमच्या हातात पडण्याची शक्यता जास्त, ती याच जातीची. म्हणून पुढचं बहुतेक सगळं मुक्तछंद आणि तुकडे यांच्याबद्दल.

दुसरी पायरी: एकच मजकूर तीन वेळा वाचून बघा

ही पायरी सगळ्यात कामाची. हिच्यासाठी पुस्तकही लागत नाही, फोनमधलं घड्याळ पुरतं. खाली एक प्रसंग मुद्दाम आपल्याकडचा रचलाय. आधी गद्यात. एकदा मोठ्याने वाचा आणि किती सेकंद लागले ते बघा.

बाबा गेल्याच्या तेराव्या दिवशी आई कूलर काढायला सांगते. एप्रिल लागलेला, गच्चीवरून ऊन उतरत नाही. भाऊ जाळ्या काढतो, जुनं गवत झटकतो आणि टाकीच्या तळाशी बाबांचा चष्मा सापडतो. मागच्या जूनपासून घरभर शोधलेला. त्यावर पाण्याचा पांढरा थर बसलाय. आई तो पदराला पुसते, डोळ्याला लावून बघते आणि म्हणते, पाणी भरा.

सेहेचाळीस शब्द. घाई न करता वाचले तर वीसेक सेकंद. आता तेच शब्द, एकही न बदलता, ओळी तोडून.

बाबा गेल्याच्या तेराव्या दिवशी
आई कूलर काढायला सांगते.
एप्रिल लागलेला, गच्चीवरून ऊन
उतरत नाही.
भाऊ जाळ्या काढतो, जुनं गवत झटकतो आणि
टाकीच्या तळाशी
बाबांचा
चष्मा सापडतो. मागच्या जूनपासून
घरभर शोधलेला.
त्यावर पाण्याचा पांढरा थर
बसलाय. आई तो पदराला पुसते,
डोळ्याला लावून बघते
आणि म्हणते,
पाणी भरा.

हेही मोठ्याने वाचा. ओळीच्या शेवटी स्वल्पविरामाच्याही अर्ध्याएवढं थांबा. श्वास घ्यायचा नाही, फक्त जीभ किंचित टेकवायची. वेळ पाच-सात सेकंदांनी वाढलेला दिसेल. पण तो सगळीकडे सारखा वाढत नाही, आणि खरी गंमत त्यातच आहे.

'भाऊ जाळ्या काढतो' ही ओळ लांब आहे, ती पळते. कामाची ओळ आहे, हात चाललेत. तिच्या शेवटी 'आणि' लोंबकळत ठेवलाय, त्यामुळे वाचक खालच्या ओळीवर जवळजवळ पडतोच. मग 'टाकीच्या तळाशी', आणि मग एकटं 'बाबांचा'. या ठिकाणी वाचक एक क्षण टांगलेला असतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ओळ मध्येच तोडली की वाक्याचा निकाल लागायचा राहतो. त्यात 'बाबांचा' म्हटल्यावर पुढे काहीतरी पुल्लिंगी येणार एवढं कळलेलं असतं. रुमाल? फोन? पाव सेकंदात मन दोन-तीन वस्तू चाचपून घेतं, आणि मग चष्मा येतो. गद्यातही चष्माच होता. पण तिथे तो नुसता सापडला. इथे वाचकाने तो आधी शोधला.

मराठीत ओळ तोडायच्या या दोन जागा वाचकाने ओळखून ठेवाव्यात. एक, षष्ठीचं रूप आणि त्याच्या नामाच्या मध्ये. दुसरी, क्रियापदाच्या आधी, जसं 'गच्चीवरून ऊन' आणि 'उतरत नाही'. दोन्ही ठिकाणी वाक्य उघडं राहतं. वाक्य पूर्ण झाल्यावर तुटलेली ओळ मात्र शांत असते, उदाहरणार्थ 'आई कूलर काढायला सांगते.' पुस्तकातलं एखादं पान घेऊन पेन्सिलीने उघड्या ओळींसमोर बारीक टिंब द्या. टिंबांची गर्दी जिथे होईल तिथे लेखकाला तुम्ही अस्वस्थ व्हायला हवे आहात. जिथे टिंब नाही तिथे त्याने तुम्हाला बसायला दिलंय. दोन-तीन पानांनंतर टिंबं द्यावी लागत नाहीत, कान आपोआप ओळखतो.

आता तिसरं रूप, तुकड्यांचं. इथे काही शब्द जातात, कारण तुकड्यांच्या कादंबरीत लेखक नुसती जागा सोडत नाही, मधलं सामानही काढून टाकतो.

तेरावा दिवस. आई म्हणते, कूलर काढा.

*

गच्चीवरचं ऊन उतरत नाही.

*

टाकीच्या तळाशी बाबांचा चष्मा. त्यावर पाण्याचा पांढरा थर.

*

मागच्या जूनमध्ये घरभर शोधला होता.

*

आई तो पदराला पुसते, डोळ्याला लावून बघते.

पाणी भरा, म्हणते.

शब्द तेहेतीस झाले. तरी फुल्यांपाशी नीट थांबलात तर वेळ गद्याइतकाच किंवा थोडा जास्त लागतो. गेला कोण हे पहिल्या तुकड्यात सांगितलंच नाही. 'तेरावा दिवस' म्हटलं की मराठी घरात कोणीतरी गेलंय एवढं समजतं, आणि कोण ते तिसऱ्या तुकड्यात चष्म्यावरून आपणच जुळवतो. भाऊ तर गायबच झालाय. जाळ्या काढणं, गवत झटकणं, चष्मा सापडणं ही सगळी हालचाल गेली आणि नुसती वस्तू समोर राहिली. पद्यात चष्मा सापडण्याच्या क्षणी धस्स होतं. तुकड्यांत धस्स होत नाही, उशिरा कळतं. शेवटचं 'पाणी भरा' दोन्हीकडे आहे. पण पद्यात ते आईच्या आधीच्या तीन कृतींच्या उतारावरून येतं, त्यामुळे तिने स्वतःला सावरलं असं वाटतं. तुकड्यांत त्याच्या आधी मोकळी ओळ आहे, म्हणून ती किती वेळ चष्मा डोळ्याला लावून उभी होती ते आपण ठरवायचं. काहीजण दोन सेकंद म्हणतील, काहीजण पाच मिनिटं.

माझं मत विचाराल तर या प्रसंगाला तुकडेच जास्त शोभतात. पण आमच्या गटात यावर एकमत झालं नाही. माझ्या भाचीचं म्हणणं, "मावशी, भाऊच नाही तर मग कूलर कोणी उघडला?" तिला तो हात हवा होता. तिचंही बरोबर आहे. तुकड्यांची किंमत हीच, माणसं आणि कामं गळतात.

तिसरी पायरी: मोकळी जागा कशाची आहे ते विचारा

पद्य कादंबरीत ओळीवर लक्ष ठेवायचं, तर तुकड्यांच्या कादंबरीत फटीवर. प्रत्येक फटीपाशी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: इथे काय झालं, जे मला सांगितलं नाही? उत्तर बहुधा तीनांपैकी एक निघतं.

पहिलं, वेळ गेला. मधे एक रात्र गेली, किंवा दोन वर्षं. ही फट सोपी. पुढच्या तुकड्यात ऋतू, वय, एखादी वस्तू बदललेली दिसते. दुसरं, बोलणारा बदलला. ही फसवी असते, कारण पुष्कळ लेखक नाव न देता आवाज बदलतात. मराठीत मात्र आपल्याला एक आधार आहे. 'मी गेले' आणि 'मी गेलो' यांत फरक दिसतो, 'तू' आणि 'तुम्ही' यांवरून कोण कोणाशी बोलतंय ते कळतं. हरवलात की पुढे रेटू नका, दोन फटी मागे जा आणि क्रियापदांची शेपटं बघा. बहुतेक गाठ तिथेच सुटते.

तिसरी फट सगळ्यात महत्त्वाची. जे घडलं ते सांगवत नाही, म्हणून सोडलेलं असतं. ही कशी ओळखायची? फटीच्या आधीचा तुकडा अचानक एखाद्या क्षुल्लक वस्तूवर थांबतो आणि नंतरचा तुकडा भलत्याच गोष्टीपासून सुरू होतो. डॉक्टरांच्या खोलीत शिरलेलं माणूस, मग फट, मग पार्किंगची पावती. खोलीत काय झालं ते पावतीवरून वाचायचं. इथे मुद्दाम दहा सेकंद थांबा. घड्याळ लावून थांबलात तरी चालेल. पहिल्या पुस्तकाला असलं कृत्रिमपण लागतंच.

कोऱ्या जागेचा हा वापर नवा नाही. ब्राझीलच्या मशादु दि असिस यांची मेलेल्या माणसाने सांगितलेली कादंबरी १८८१ मध्ये पुस्तकरूपात आली. एकशे साठ छोटी प्रकरणं आहेत. त्यातलं एक प्रकरण म्हणजे प्रेमी जोडप्याचा संवाद, पण शब्द नाहीत. नावं, पुढे टिंबांच्या ओळी, आणि शेवटी प्रश्नचिन्हं, उद्गारचिन्हं. काय बोलणं झालं ते वाचकाला बरोबर कळतं. आणखी एका प्रकरणात निवेदक आपण मंत्री कसे झालो नाही ते सांगणार असतो, आणि शीर्षकाखाली नुसती टिंबं येतात. एक फट लाजेची, एक अपमानाची. चिन्ह तेच, टिंब.

आणि आपल्याकडे तर तुकड्यांत वाचायची सवय त्याच्याही कितीतरी आधीची आहे. नागपूरहून अमरावतीच्या बाजूला गेलं की रिद्धपूर. महानुभावांच्या या गावाशी जोडलेलं 'लीळाचरित्र' तेराव्या शतकाच्या अखेरीचं. म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी चक्रधरस्वामींना पाहिलं होतं त्यांच्याकडून आठवणी विचारून घेतल्या आणि एकेक लीळा नोंदवली. कादंबरी नव्हे ती, चरित्र आहे. पण रचना बघा. लीळा एकदम सुरू होते, थोडक्यात घडते, आणि पुष्कळदा 'सर्वज्ञें म्हणीतलें' म्हणून एका वाक्यावर संपते. दोन लीळांमध्ये जोडकाम नाही. आठवणी तुकड्यांनी मिळाल्या, त्या तुकड्यांनीच ठेवल्या. तरी शे-दोनशे लीळा वाचल्यावर एक चालता-बोलता माणूस उभा राहतो, आणि तो आपणच जोडलेला असतो. नागपूरचे वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली प्रत ग्रंथालयात मिळाली तर पाच-सहा लीळा सलग वाचून बघा, भाषा अडली तर टिपांचा आधार घेऊन. तुकड्यांच्या कादंबरीसाठी याहून चांगला सराव मला माहीत नाही. भाषा जुनी असल्यामुळे पळताच येत नाही, हा वरचा फायदा.

चौथी पायरी: किती वाचायचं आणि केव्हा थांबायचं

इथे दोन्ही जातींना उलटा नियम लागतो. पद्य कादंबरी थोड्या बैठकांत, लांब लांब वाचावी. पहिली पंधरा-वीस पानं मोठ्याने, मग आवाज मनात घेऊन. लेखकाची ओळ कानात बसायला तेवढं लागतंच. दर वेळी पाच पानं वाचून ठेवलीत तर प्रत्येक वेळी कान पुन्हा शून्यापासून तयार करावा लागतो. पुस्तकाचे भाग पाडलेले असतील तर भागाच्या शेवटीच थांबा.

तुकड्यांची कादंबरी पंधरा-वीस मिनिटांहून जास्त सलग वाचू नये. का, तर फट भरायला मन लागतं आणि ते दमतं. दमलं की फटी नुसत्या जागा दिसायला लागतात. आपण दमलोय हे ओळखायची खूण साधी आहे: मागचा तुकडा काय होता ते न बघता सांगता येत नाही. सांगता आला नाही की पुस्तक बंद. मेट्रोत खापरीहून सीताबर्डीला जाता-येता वाचायला तुकड्यांची कादंबरी त्यामुळे फार सोयीची. स्टेशन आलं, दार उघडलं, नजर वर गेली, की एक फट आपोआप मिळते. पद्य कादंबरी तिथे नको. ओठ हलवून वाचता येत नाही, आणि हलवलेच तर समोरचा बघतो.

नोंदी ठेवायच्या का? पद्य कादंबरीत नकोत, चाल मोडते. तुकड्यांच्या कादंबरीत मात्र मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने एवढंच टिपा: कोण, कुठे, केव्हा. पुस्तक वाचनालयाचं असेल तर चिठ्ठीवर. सारांश लिहू नका. सारांश लिहिला की फट कायमची बुजते आणि दुसऱ्या वाचनाला काही उरत नाही.

फोनवर आणि कानाने वाचताना

फोनवर पद्य कादंबरी वाचणाऱ्यांची एक मोठी फसगत होते आणि पुष्कळांना ती कळतही नाही. ईपुस्तकात अक्षरं मोठी केली की लांब ओळ पडद्यात मावत नाही. उरलेले एक-दोन शब्द खालच्या ओळीत ढकलले जातात. वाचकाला वाटतं लेखकानेच ओळ तोडली. मग वरच्या 'बाबांचा'सारखी मुद्दाम केलेली तोड आणि पडद्याने केलेली तोड सारखीच दिसते, आणि सगळं पान विनाकारण अस्वस्थ होतं.

ओळखायचं असं: फोन आडवा करा. जी तोड नाहीशी झाली ती पडद्याची, जी राहिली ती लेखकाची. काही प्रकाशक वळलेल्या शब्दाला थोडं आत सरकवून दाखवतात, ते असेल तर चांगलंच. नसेल तर अक्षर लहान करा किंवा फोन आडवा धरूनच वाचा. पीडीएफमध्ये ओळी छापल्याप्रमाणे राहतात, पण फोनवर अक्षर बारीक दिसतं. माझ्यापुरतं सांगायचं तर पद्य कादंबरी कागदावर किंवा टॅबवर, तुकड्यांची कुठेही.

ऐकायचं असेल तर वाचणारा ओळीच्या शेवटी थांबतो की नाही हे नमुन्याची दोन मिनिटं ऐकून ठरवा. पुष्कळ वाचक पद्य गद्यासारखं सलग वाचून टाकतात. मग ऐकणाऱ्याला हे पद्य आहे याचा पत्ताही लागत नाही. तुकड्यांत तर दोन तुकड्यांमधली शांतता दोन सेकंदांहून कमी असेल तर सोडून द्या.

शेवटची पायरी: जोडून बघा

प्रत्येक तोडलेली ओळ चांगली असतेच असं नाही. साध्या गद्यावर दर दोन शब्दांनी एंटर मारून त्याला कादंबरी म्हणणारी पुस्तकंही निघतात. नव्या वाचकाला न्यूनगंड येतो की आपल्यालाच कळलं नाही. म्हणून पुस्तक संपल्यावर, किंवा अर्ध्यात शंका आली तर, ही परीक्षा करा. एक पान निवडा. सुरुवातीचं नको, सुरुवातीला सगळेच मेहनत घेतात. मधलं घ्या. ते हाताने वहीत सलग गद्यात उतरवा आणि मोठ्याने वाचा.

गद्यात आल्यावर काही हरवलं का? एखादी वस्तू लवकर आली, एखादं वाक्य सपाट पडलं, एखाद्या ठिकाणी जीव अडकत होता तो आता अडकत नाही, असं झालं तर ओळी खऱ्या होत्या. काहीच हरवलं नाही, उलट वाचायला बरं वाटलं, तर तोड नुसती सजावट होती. वरच्या प्रसंगाची मुद्दाम वाईट तोड करून बघा:

बाबा
गेल्याच्या
तेराव्या
दिवशी
आई
कूलर
काढायला
सांगते

प्रत्येक शब्दाला सारखाच मान मिळाला, म्हणजे कुणालाच मिळाला नाही. 'काढायला'वर थांबून काय मिळणार? पाच-सहा ओळींनंतर वाचक तोडीकडे दुर्लक्ष करायला शिकतो, आणि मग जिथे खरंच थांबायला हवं तिथेही थांबत नाही. सगळं पुस्तक असंच असेल तर ते तुम्ही तासाभरात संपवलंत यात तुमचा दोष नाही.

तुकड्यांची परीक्षा थोडी वेगळी. लागोपाठचे पाच तुकडे घ्या आणि त्यांचा क्रम बदला. कागदाच्या कपट्यांवर लिहून टेबलावर फिरवलेत तर जास्त सोपं. क्रम बदलूनही तेवढंच चांगलं वाटलं तर ते तुकडे सुट्या सुविचारांची माळ होते, त्यात कथा चालत नव्हती. आपल्या चष्म्याच्या तुकड्यांत 'मागच्या जूनमध्ये घरभर शोधला होता' हा चौथा तुकडा पहिल्या जागी नेऊन बघा. शोध आधी कळतो, वस्तू नंतर, आणि टाकीत चष्मा दिसल्यावर आपण 'सापडला' म्हणून सुटकेचा श्वास टाकतो. मूळ क्रमात सुटका नाही. चष्मा दिसतो तेव्हा तो हरवला होता हेच माहीत नसतं, आणि ते कळतं तोवर शोधणारा गेलेला असतो. एक तुकडा हलला आणि भावना उलटी झाली, म्हणजे क्रम भार उचलत होता.

ही परीक्षा पास झालेलं पुस्तक महिन्याभराने दुसऱ्यांदा वाचा, आणि या वेळी घड्याळ, टिंबं, चिठ्ठ्या काही नको. पहिल्या वाचनात जिथे दहा सेकंद मोजून थांबला होतात तिथे आता कदाचित थांबणार नाही, आणि भलत्याच एका फटीपाशी अडकाल. ती फट कुठली, तेवढं पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. गटात चर्चेला बसाल तेव्हा दुसऱ्यांच्या खुणा वेगळ्या पानांवर निघतात, आणि बोलायला तिथूनच सुरुवात करता येते.